थंडीत बोटातून रक्ताचा थेंब निघत नसेल तर

*ताई, बाबांचं वय 62, शुगर आहे. आठवड्यातून तीन दिवस घरीच मशीनवर तपासतो, सकाळी उपाशीपोटी अन् जेवणानंतर दोन तासांनी. थंडी वाढली तसं सकाळी रक्तच निघत नाही. ते आंगणात खाटेवर बसतात, उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला टोचतो. टोचायचा पेन पाचवर ठेवला तरी दाबून दाबून काढावं लागतं, स्ट्रिपा वाया जातात अन् बोट दिवसभर ठणकतं म्हणतात. सध्या वावरात कापूस वेचणी सुरू आहे. काय करावं?*

पेन पाचवरून तीनवर आणा आणि सध्या तिथेच राहू द्या. टोचण्याची खोली ही यातली शेवटची गोष्ट आहे. आधी हात गरम हवा, मग जागा बरोबर हवी, मग पेन नीट टेकलेला हवा. हे तिन्ही जुळूनही थेंब कमी पडला, तरच अंक वाढवायचा. सुरुवातच अंकापासून केली की दुखणं वाढतं आणि थेंब आहे तेवढाच राहतो.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप जुळेल. बोटाच्या टोकाला वरची कातडी निबर असते, तिच्यात रक्त नसतं. रक्त असतं ते तिच्या खालच्या थरात, बारीक केशवाहिन्यांमध्ये. थंडी वाजली की शरीर आतली ऊब राखण्यासाठी बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. मग सुई बरोबर त्या थरापर्यंत पोचली तरी तिथे रक्तच थोडं असतं. अशा वेळी अंक वाढवला तर सुई जास्त आत जाते, जास्त मज्जातंतूंना लागते, पण रक्त काही वाढत नाही. वर आपण बोट पिळतो, त्याने आतला भाग मुका मार लागल्यासारखा होतो. दिवसभराची ठणक आहे ती या दोन गोष्टींची.

आणि रक्त लागतं तरी किती? बहुतेक स्ट्रिपांना अर्धा ते एक मायक्रोलिटर पुरतं. बोटावर मोहरीच्या दाण्याएवढा टपोरा थेंब उभा राहिला की झालं. त्याहून मोठ्या थेंबाची गरज नाही.

हात गरम करणं

सकाळी आंगणात तपासू नका. घरात, वारा लागणार नाही अशा जागी बाबांना बसवा. उठल्याबरोबर लगेचही नको. अंगावर चादर किंवा स्वेटर असू द्या, कारण नुसता हात गरम करून उपयोग होत नाही. अंग थंड असेल तर पाण्यातून काढल्यावर हात मिनिट-दोन मिनिटांत पुन्हा गार पडतो.

चुलीवर आंघोळीचं पाणी तापतच असतं. त्यातलं थोडं घमेल्यात किंवा बादलीत घेऊन थंड पाणी मिसळा. पाणी अंगाला सुखावणारं कोमट हवं, साधारण 40 अंशांच्या आसपास. ते किती गरम आहे हे बाबांनी बघायचं नाही, तुम्ही बघायचं, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूने. बऱ्याच वर्षांच्या शुगरमध्ये हातापायांची जाणीव कमी होते, आणि चटका बसला तरी माणसाला कळत नाही. याच कारणासाठी शेकोटीवर किंवा चुलीच्या तोंडाशी हात धरून शेकू नये. तिथली धग मोजता येत नाही, आणि हाताला राख-धूर लागतो तो वेगळाच.

दोन्ही हात मनगटापर्यंत दोन ते तीन मिनिटं पाण्यात राहू द्या, त्यातच साबण लावून धुवा. निबर कातडीच्या हातांना पाच मिनिटंही द्यायला हरकत नाही, कारण भिजल्यावर वरचा थर थोडा मऊ होतो. मग कोरड्या टॉवेलने बोटं, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा पूर्ण पुसा. ओलसर बोटावर थेंब उभा राहत नाही, तो पसरतो. शिवाय पाणी मिसळलेलं रक्त स्ट्रिपवर गेलं तर आकडा खरा येत नाही.

हात पुसला की तो मांडीवर ठेवू नका. खाटेच्या किंवा खुर्चीच्या कडेने अर्धा मिनिट खाली सोडून ठेवा, म्हणजे रक्त बोटांकडे उतरतं. तेवढ्यात तुम्ही तळव्यापासून बोटाच्या मुळापर्यंत आणि तिथून शेवटच्या पेऱ्यापर्यंत हलक्या हाताने चोळत या. शेवटचं पेरं मात्र पिळू नका. बोटाचं टोक आधीपेक्षा गुलाबी आणि स्पर्शाला गरम वाटलं, की टोचायची वेळ आली. सावळ्या हातावर रंगापेक्षा स्पर्शावर भरवसा ठेवा. आपल्या गालाला ते बोट लावून बघा, गार लागलं तर अजून एक मिनिट पाण्यात.

धुण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडे याच दिवसांत घरोघरी संत्री असतात. संत्रं सोललेल्या हाताने टोचलं तर सालीचा आणि फोडींचा रस बोटावर राहतो, त्यातली साखर थेंबात मिसळते आणि मशीन चुकीचा वाढलेला आकडा दाखवतं. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती साखर पूर्ण निघत नाही, पाण्याने धुतलं तरच निघते. गूळ, मध, पिकलेली केळी, सगळ्यांचं तसंच. आकडा अचानक फार मोठा आला, तर गोळी वाढवण्याचा विचार करण्याआधी हात धुवून दुसऱ्या बोटावर पुन्हा तपासा.

साबणाने धुतलेल्या हाताला घरी स्पिरिट लावायची गरज नसते. लावलंच तर ते पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर टोचलं की झोंबतं, आणि थेंब गोल न राहता पसरतो. पाणी हाताशीच नसेल, म्हणजे वावरात वगैरे, तर बोट स्वच्छ पुसून टोचा, पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून टाका आणि दुसरा वापरा.

जागा

अंगठ्याशेजारचं बोट सोडून द्या, अंगठाही सोडा. दिवसभर चिमटीत धरायचं काम याच दोघांचं. तिथे टोचलं की प्रत्येक कामात लागतं, आणि शेतकऱ्याच्या हाताला तिथेच कातडी सर्वात जाड असते. कापूस वेचताना पक्व बोंडांच्या वाळलेल्या टोकदार पाकळ्या उजव्या हाताच्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकांना सारख्या लागतात, बारीक चिरा पडतात. अशा चिरलेल्या कातडीत टोचणं दुखतंही जास्त, आणि जंतुसंसर्गाची भीतीही असते. म्हणून वेचणी संपेपर्यंत बाबांचं उजवं मधलं बोटही यादीतून काढा. बाकी राहतं ते डाव्या हाताचं मधलं, करंगळीजवळचं आणि करंगळी, तसंच उजव्या हाताचं करंगळीजवळचं आणि करंगळी. बाबा डावखुरे असतील तर हेच उलटं समजा.

बोटाच्या गादीच्या मधोमध टोचू नका. स्पर्श कळण्यासाठी तिथे मज्जातंतूंचं जाळं दाट असतं, आणि वस्तू धरताना तोच भाग टेकतो. अगदी टोकावर किंवा नखाला लागूनही नको, तिथे हाड जवळ असतं. बरोबर जागा बाजूला आहे, गादी संपून बोट नखाकडे वळायला लागतं तिथे, नखाच्या कडेपासून थोडी दूर. प्रत्येक बोटाला अशा दोन बाजू, एक अंगठ्याकडची आणि एक करंगळीकडची.

म्हणजे पाच बोटं आणि दहा जागा. त्या आलटून-पालटून वापरायच्या. एकाच जागी रोज टोचत राहिलं तर तिथे घट्टा धरतो, मग सुई आणखी खोल लागते. बाबांच्या बोटाच्या बाबतीत हेही झालेलं असणार. बोट बदलण्यासाठी वही नको, वार पुरतात. समजा तपासणीचे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार आहेत. उपाशीपोटीची टोचणी नेहमी डाव्या हाताला ठेवा: सोमवारी मधलं बोट, बुधवारी करंगळीजवळचं, शुक्रवारी करंगळी. जेवणानंतरची उजव्या हाताला: बुधवारी करंगळीजवळचं, शुक्रवारी करंगळी. सोमवारी उजवं मधलं बोट बाद आहे, म्हणून त्या दिवशी जेवणानंतर डाव्या करंगळीची दुसरी बाजू घ्या. एका आठवड्यात अंगठ्याकडची बाजू, पुढच्या आठवड्यात करंगळीकडची. अशाने बहुतेक जागांना दोन आठवड्यांची विश्रांती मिळते. वेचणी संपून चिरा भरल्या की उजवं मधलं बोट परत घ्या.

ज्या बोटावर सूज, पू, जखम किंवा ताजा काळा-निळा डाग आहे ते बोट त्या फेरीत वगळायचं.

पेन आणि अंक

पेनच्या टोपणावरचा अंक म्हणजे मिलिमीटर नव्हे. तो फक्त त्या पेनच्या पायऱ्या सांगतो, एक म्हणजे सर्वात उथळ. दुसऱ्या कंपनीच्या पेनवरचा तीन आणि तुमच्या पेनवरचा तीन सारखा असेलच असं नाही. त्यामुळे शेजाऱ्यांचं किती अंकावर निघतं यावरून आपला अंक ठरवू नका.

अंक तोच ठेवूनही खोली बदलते, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. टोपणाच्या भोकातून कातडी किती आत फुगते यावर ते अवलंबून आहे. पेन नुसता टेकवला तर सुई जेमतेम पोचते. जोरात दाबला तर कातडी भोकात शिरते आणि सुई जास्त आत जाते. टोचायच्या वेळी बाबा दचकून बोट मागे घेत असतील तर सुई वरवर लागते, रक्त येत नाही, आणि आपल्याला वाटतं अंक कमी आहे. म्हणून बोटाला खालून आधार द्या. हात मेजावर किंवा पाटावर उताणा, बोट थोडं कुशीवर वळवलेलं, आणि पेन त्या बाजूवर सरळ उभा, ठाम टेकवलेला. पेन तिरपा असेल तर सुई कातडी कापत जाते, ते जास्त झोंबतं.

तीनवर टोचा. टोचल्यावर लगेच दाबायला घेऊ नका, हात खाली ठेवून चार-पाच सेकंद थांबा. बहुतेक वेळा थेंब आपणच उभा राहायला लागतो. नाहीच आला तर तळव्याकडून बोटाकडे दाबत या, सोडा, पुन्हा दाबा. सोडणं महत्त्वाचं आहे, कारण सोडल्यावरच केशवाहिन्यांत परत रक्त भरतं. बोटाचं टोक सलग चिमटीत धरून पिळलं की रक्ताबरोबर कातडीतलं पाणीही बाहेर येतं, थेंब पातळ होतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो.

आता अंक कसा ठरवायचा ते बघा. असं तीन-चार हलक्या दाबांत मोहरीएवढा थेंब आला, तर तीन हाच बाबांचा अंक. थेंब टाचणीच्या टोकाएवढाच राहिला, तर त्याच भोकात पुन्हा टोचू नका. दुसरं बोट, नवी सुई आणि चार. एका वेळी एकच पायरी वाढवायची. आणि उलटंही बघा: न दाबताच थेंब ओघळायला लागला, किंवा कोरडा कापूस मिनिटभर दाबून धरल्यावरही रक्त येत राहिलं, तर अंक जास्त आहे, एक पायरी खाली या. बाबा रक्त पातळ होण्याची गोळी घेत असतील तर रक्त थांबायला थोडा जास्त वेळ लागणारच, तेवढं लक्षात ठेवून ठरवा. करंगळीची कातडी पातळ असते, तिथे नेहमीच्या अंकापेक्षा एक पायरी कमी ठेवा. म्हणजे करंगळीजवळच्या बोटाला तीन, तर करंगळीला दोन.

सुईची जाडीही बघा. डबीवर 28, 30 किंवा 33 गेज असं लिहिलेलं असतं. आकडा मोठा तितकी सुई बारीक. 33 गेजची सुई कमी दुखते, पण थंडीतल्या निबर हाताला तिच्यातून थेंब अपुरा येतो. मग लोक अंक वाढवतात, नाहीतर दोनदा टोचतात. बाबांच्या हातासाठी 30 गेज कमी अंकावर वापरणं मला जास्त बरं वाटतं. नीट बसलेली एक टोचणी दोन हलक्या टोचण्यांपेक्षा कमी दुखते.

सुई दर वेळी नवी. वापरलेल्या सुईचं टोक बोथट होतं, ती कातडीत शिरताना ओढत जाते. शुगर तपासताना "सुईच जास्त टोचते" अशी तक्रार असते तेव्हा हे आधी विचारावं लागतं. पैसे वाचवण्यासाठी एकच सुई आठवडाभर वापरणारी घरं पुष्कळ आहेत. स्ट्रिपच्या मानाने सुई फार स्वस्त असते, आणि बोथट सुईमुळे एक स्ट्रिप वाया गेली तरी ती बचत संपते. दुसरं असं की पेन एका माणसाचा, तो शेजारच्या काकूंना द्यायचा नाही, सुई बदलून सुद्धा नाही. टोपणाला लागलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातूनही कावीळ बी पसरू शकते. मशीन दुसऱ्याला वापरायचं असेल तर त्यांचा पेन वेगळा, आणि मशीन आधी पुसून घ्यायचं. वापरलेल्या सुया उकिरड्यावर किंवा वावरात टाकू नका, अनवाणी पायात जातात. झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवा आणि डबा भरला की उपकेंद्रावर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या.

स्ट्रिपा का वाया जातात

यातलं निम्मं कारण घाईचं असतं. स्ट्रिप आधी लावली, मग हात धुवायला गेलं, मग थेंबाची वाट बघितली, तोवर मशीन बंद. हात गरम, कोरडा आणि खाली सोडलेला असा पूर्ण तयार झाला की मगच स्ट्रिप लावा. ती काढताना तुमचेही हात कोरडे हवेत, आणि बाटलीचं झाकण लगेच बंद करा.

थेंब उभा राहिला की स्ट्रिपची कड त्याला नुसती लावा, रक्त ती आपणच ओढून घेते. स्ट्रिप बोटावर घासली किंवा दाबली तर तोंड बंद होतं आणि रक्त अर्धंच भरतं. थेंब लहान आहे असं दिसत असताना लावायची घाई करू नका, आणखी दोनदा दाबून-सोडून तो वाढवा. अर्धवट भरलेल्या स्ट्रिपवर नंतर दुसरा थेंब घालून बहुतेक मशीनवर बरोबर आकडा मिळत नाही. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत तशी सवड दिली असेल तरच आणि तेवढ्याच सेकंदांत घाला.

मशीनलाही थंडी बाधते. बहुतेक ग्लुकोमीटर साधारण 10 ते 40 अंशांच्या खोलीत चालण्यासाठी केलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत विदर्भात पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा रात्रभर खिडकीत किंवा पडवीत राहिलेलं मशीन एरर दाखवू शकतं, आणि आपण दोष बोटाला देतो. ते आणि स्ट्रिपांची बाटली आतल्या खोलीत ठेवा. बाहेरून आणलं असेल तर घरात पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. चुलीजवळ ठेवून गरम करू नका.

म्हणजे येत्या सोमवारची सकाळ अशी व्हावी. बाबा उठून स्वेटर घालून आत बसले. घमेल्यात कोमट पाणी, तीन मिनिटं दोन्ही हात, साबण, मग कोरडे. डावा हात अर्धा मिनिट खाली. तोवर तुम्ही नवी सुई लावून पेन तीनवर केला आणि ओढून तयार ठेवला. बोट गालाला लावून बघितलं, गरम आहे. स्ट्रिप लावली. डावं मधलं बोट, अंगठ्याकडची बाजू, पाटावर आधार, पेन सरळ, टोचलं. पाच सेकंद थांबलात, तळव्याकडून तीनदा दाबून-सोडून थेंब घेतलात, स्ट्रिपची कड लावलीत, आणि कोरड्या कापसाने बोट दाबून धरलंत. सगळं मिळून सहा-सात मिनिटं.

एका वेळी मात्र हा सगळा क्रम बाजूला ठेवायचा. बाबांना घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा ते भलतंच बोलायला लागले, तर साखर उतरल्याची शक्यता धरा. अशा वेळीही हात गार आणि ओला पडतो, आणि थेंब निघत नाही. पाणी गरम करत बसू नका. घाम पुसून एकदा टोचून बघा. तेवढ्यात जमलं नाही तर न तपासता तीन चहाचे चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून प्यायला द्या. पंधरा मिनिटांनी बोट पुसून परत तपासा. आकडा 70 च्या खाली असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्या. शुद्ध हरपत असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, लगेच 108 ला फोन करा.

थंडीत बोटं पांढरी किंवा निळी पडून बधिर होत असतील, किंवा हात गरम करूनही एखादं बोट गारच राहत असेल, तर ते पेनच्या अंकाने सुटणारं काम नाही. ते डॉक्टरांना दाखवा. टोचलेली जागा दोन दिवसांनी लाल, गरम किंवा पुवाळलेली दिसली तरीही.

आणि होळीच्या सुमाराला अंक पुन्हा तपासून घ्या. हवा तापली, वेचणी संपून बोटांची कातडी मऊ पडली, की जानेवारीत तीनवर जेमतेम येणारा थेंब मार्चमध्ये दोनवर सहज येतो.